साक्षीदारांच्या सहीपासून सुरुवात कर

प्रिय ताई,

मी परभणीची, वय २४. सात महिन्यांपूर्वी नोकरीसाठी मुंबईत आले. विक्रोळीला, कन्नमवार नगरात वन रूम किचनमध्ये एकटी राहते. भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००. डिपॉझिट बाबांनी पतसंस्थेतून उचलून दिलं. गावाकडच्या एका दिवाळी अंकाने ‘माझी पहिली खोली’ या विषयावर लेख मागितलाय. पुन्हा पुन्हा लिहून पाहिला. एकटेपणाबद्दल लिहिलं की रडगाणं होतं, मोकळीक लिहिली की आईला वाचायला देववत नाही. एक तुकडा पाठवते:

‘मुंबईत कोणी कोणाचं नसतं. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडते तेव्हा एकटेपणा अंगावर धावून येतो. पण याच खोलीने मला स्वातंत्र्य दिलं. इथे मला विचारणारं कोणी नाही. या चार भिंतींतच मला मी सापडले.’

मैत्रीण म्हणाली, छान आहे, पण हे कोणीही लिहिलं असतं. खरं तर सांगण्यासारखं काही घडतच नाही. पहाटे पाचला पाणी येतं ते भरायचं, अंधेरीला ऑफिस, रात्री वरणभात. करार करताना साक्षीदार लागतात म्हणाले, माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, तर एजंटनेच दोन माणसं आणली. आईचा रोज संध्याकाळी सातला फोन येतो, दिवा लावलास का विचारते. मी तेव्हा घाटकोपरच्या पुलावर असते, तरी हो म्हणते. एवढंच. यात लेख कुठे आहे?

— एक वाचक, विक्रोळी

*

तू ताई म्हणालीस, म्हणून मी अगं-तुगं करते.

आधी एक काम कर. लेख बाजूला ठेव आणि तुझा भाडेकरार बाहेर काढ. कागद सापडत नसेल तर एजंटने पाठवलेली पीडीएफ उघड आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच. बहुतेकांनी आपला करार कधी वाचलेलाच नसतो. एजंट दाखवेल तिथे अंगठा ठेवायचा, किल्ली घ्यायची, आणि कागद कपाटात जातो. तुझ्या लेखाचा पहिला परिच्छेद मला त्या कागदात दिसतोय.

मुंबईत आज भाड्याची खोली मिळते ती बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. मुदत साधारणपणे ११ महिन्यांची. ही जागा तुला ठरावीक काळ वापरायला दिली आहे, कूळ म्हणून तुझा तिच्यावर कोणताही हक्क नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. जागेचं वर्णन असतं, चौरस फूट असतात, कधी कधी आतल्या वस्तूंची यादीही असते: पंखे किती, ट्यूब किती, गिझर आहे की नाही. नोंदणी ऑनलाइन झाली असेल तर एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा घ्यायचं मशीन घेऊन आला असणार, म्हणजे त्या दिवशीचा तुझा फोटोही करारावर असणार. तो फोटो नीट बघ. केस कसे बांधलेत, अंगावर कोणता ड्रेस आहे, मागे कुठली भिंत आहे. तू मुंबईत आल्यावर स्वतःचे बरेच फोटो काढले असशील, पण त्यात कसं दिसायचं हे तू ठरवलेलं होतं. या फोटोत एजंट म्हणाला ‘इकडे बघा’ आणि तू बघितलंस.

आणि मग साक्षीदारांच्या रकान्याशी थांब.

‘मुंबईत कोणी कोणाचं नसतं’ हे वाक्य मी इतक्या लेखांत वाचलंय की आता ते डोळ्यांखालून नुसतं निघून जातं. पण ज्यांनी तुला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं अशा दोन माणसांनी तुझ्या सहीला साक्ष दिली, कारण या सव्वा कोटींच्या शहरात तुझ्या बाजूने सही करायला तुझं माणूस नव्हतं, हे मी कुठे वाचलेलं नाही. ते तू मला पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितलंस. लेखाची सुरुवात तिथून कर. ती दोन माणसं कोण होती? एजंटच्या ऑफिसातली मुलं होती, की खालच्या पानवाल्याला हाक मारून आणलं होतं? तुझ्याशी बोलली का? तू त्यांना पाणी विचारलंस का, की खोलीत तेव्हा ग्लासही नव्हता? नंतर त्यांच्यापैकी कोणी रस्त्यात दिसलं का, आणि दिसलं तर तू ओळख दिलीस का? जे आठवेल तेवढंच लिही. जे आठवत नाही ते बनवू नकोस. ‘त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत’ हेही लिहिण्यासारखं वाक्य आहे.

कराराच्या चौरस फुटांवरून एक गोष्ट सांगते, कारण त्याने तुझ्या विषयाला धार येईल. गिरणगावात, लालबाग-परळकडे, कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एका खोलीत गावकीने राहायचे. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा खोल्यांतून एकाच गावचे अनेक पुरुष पाळीप्रमाणे झोपायचे, एकाची रात्रपाळी असली की त्याच्या जागी दुसरा. जेवण खानावळीत. एकटं वाटलं तरी एकटं बसायला तिथे जागाच नव्हती. तुझ्या कराराचे चौरस फूट काढ आणि त्यांच्याशेजारी ठेवून बघ. त्या खोलीत तू एकटी आहेस, किल्ली तुझ्याकडे आहे, आणि तू बाई आहेस. मुंबईत येऊन भाड्याने राहण्याची गोष्ट जुनी असली तरी तुझी परिस्थिती जुनी नाही, आणि लेखात तीच हवी.

आता तुझ्या तुकड्यातलं दुसरं वाक्य, कुलूप उघडताना एकटेपणा धावून येतो ते. खरंच येतो का गं? मेट्रोतून घाटकोपर, त्या पुलावरची रेटारेटी, पुढे विक्रोळीपर्यंत लोकल, स्टेशनपासून शेअर रिक्षा. एवढं करून दार उघडल्यावर चप्पल भिरकवायची, पंखा लावायचा आणि लादीवर पाठ टेकायची, हा एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दिवसातला बहुधा सगळ्यात सुखाचा क्षण असतो. माझा संशय असा की हे वाक्य तू अनुभवलेलं नाहीस, कुठेतरी वाचलेलं आहेस. तसं असेल तर काढून टाक. आणि खरंच तसं होत असेल तर ते कोणत्या वारी होतं ते शोध, कारण रोज नक्कीच होत नसणार.

एकटेपणाला वेळ असते. तो दिवसभर खोलीत बसून नसतो. पुढचे दहा-बारा दिवस एक वही जवळ ठेव आणि जेव्हा तो येईल तेव्हा तीनच गोष्टी टिपून ठेव: किती वाजले होते, हातात काय होतं, कानावर काय पडत होतं. ‘उदास वाटलं’ असं लिहायचं नाही, तेवढी एक बंदी पाळ. काही जणींना तो रविवारी जेवण झाल्यावर येतो, तीनच्या सुमाराला, शेजारच्या घरांतले टीव्ही एकदम बंद होतात तेव्हा. काहींना तो ट्यूब बदलताना येतो, कारण स्टूल धरायला कोणी नसतं. गॅस सिलिंडरवाला दुपारी फोन करून ‘घरी कोण आहे?’ विचारतो आणि उत्तर द्यावं लागतं की कोणी नाही. मला तो पाठीला चेन असलेल्या ड्रेसपाशी भेटायचा. अर्ध्यापर्यंत हात पोचायचा, पुढे नाही. तो ड्रेस मी त्या खोलीत असेपर्यंत घातला नाही.

या सगळ्या ठिकाणी एक साम्य आहे ते बघ. प्रत्येक वेळी दोन माणसांचं काम एका माणसाला करावं लागतंय. तुला तुझ्या खोलीतली अशी ठिकाणं सापडली की ‘एकटेपणा’ हा शब्द लेखात आणायची गरज पडणार नाही, आणि रडगाणंही होणार नाही, कारण रडगाणं होतं ते भावना पुन्हा पुन्हा नाव घेऊन सांगितल्यामुळे. घडलेलं सरळ सांगितलं की वाचक स्वतः गलबलतो, तुला त्याला सांगावं लागत नाही.

तू लिहिलेल्या वरणभातातसुद्धा हे आहे. एका माणसाचं वरण कुकरला लावणं सोपं नसतं, हे एकट्या राहिलेल्याला कळतं. डाळ मुठीने घ्यायची सवय घरून आलेली असते आणि ती मूठ घरातल्या सगळ्या माणसांच्या हिशेबाची असते. पहिल्या दिवसांत नेहमी जास्त होतं. अर्धी मूठ घेतली तर ती भांड्याच्या तळाशीच राहते, तिला फोडणी द्यावी तर तेल आणि मोहरीच जास्त दिसते. मग माणूस तडजोड करतो: मूठभर घ्यायची आणि दोन वेळा खायचं. फ्रीज नसेल तर मे महिन्यात रात्रीचं वरण सकाळपर्यंत आंबतं, झाकण काढल्याबरोबर वासाने कळतं. तू किती घेतेस? तुझी मूठ कधी बदलली? बदलली तेव्हा तुला कळलं का, की एक दिवस नुसतं लक्षात आलं? मी तुझ्या जागी असते तर यावर एक अख्खं पान लिहिलं असतं. आणि त्याच पानावर हेही लिहिलं असतं की ते वरण मी ओट्यापाशी उभी राहून, भातावर घेऊन, पातेल्यातूनच खाल्लं. ताट काढलं नाही, पाट मांडला नाही. उभ्याने जेवू नये असं सांगणारं कोणी नव्हतं, आणि एक भांडं कमी घासावं लागलं.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. तुझ्या तुकड्याच्या बरोबर मध्यभागी एक ‘पण’ आहे. पणच्या अलीकडे दुःख, पलीकडे स्वातंत्र्य. पहिल्या खोलीवरचे बहुतेक लेख असेच दोन खणांत भरलेले असतात आणि म्हणूनच एकमेकांसारखे दिसतात. खोलीत मात्र हे दोन खण नसतात. पातेल्यातून जेवणं म्हणजे एकाच वेळी दोन्ही आहे. सोबत कोणी नाही म्हणूनच तसं जेवता येतं. मग ते लिहिताना वेगळं का काढायचं? जी गोष्ट तुला एकटं पाडते तीच तुला मोकळं करते, अशी कामं तुझ्या दिवसात शोध, आणि ती कामं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रमाने लिही. वाचकाला दोन्ही आपोआप मिळतं.

तुझ्या पाण्याचंच उदाहरण घेऊन दाखवते. तपशील मी अंदाजाने घातलेत, तू तुझे घाल. वाक्यंही माझी आहेत, उचलू नकोस, फक्त काम कसं चालतं ते बघ.

‘पाणी पाच वाजता येतं. नळाला पाइप लावून तो मी रात्रीच पिंपात सोडून ठेवते आणि नळ उघडा ठेवते. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, तिच्या आवाजाने जाग येते. मग अंथरुणात पडूनच ऐकायचं. पिंप रिकामं असताना आवाज जाड असतो, भरत जातं तसा बारीक होतो. तो पुरेसा बारीक झाला की उठायचं, पाइप बादलीत टाकायचा, मग दुसऱ्या बादलीत, मग कळशीत. घरी हे काम आईचं होतं आणि मी सातला उठायचे. इथे मी उठले नाही तर दिवसभर पाणी नाही. सव्वासहाला सगळं भरून झालं की मी दिवा मालवते आणि पुन्हा झोपते, आठपर्यंत. परभणीला सकाळी एकदा उठलेल्या माणसाला पुन्हा झोपू देत नाहीत. तोवर अंथरूण गोळा झालेलं असतं.’

यात एकही भाववाचक शब्द नाही. एकटेपणा कुठे आहे? ‘मी उठले नाही तर’ मध्ये. मोकळीक कुठे आहे? त्या दुसऱ्या झोपेत. आणि ती झोप मोकळीक आहे हे वाचकाला कशामुळे कळलं, तर शेवटच्या दोन वाक्यांमुळे. घरचा नियम माहीत झाला तेव्हा. लहान स्वातंत्र्याबद्दल लिहिताना ही गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. ‘मी उशिरा झोपते, मला हवं ते खाते, पंखा रात्रभर पाचवर ठेवते’ असं लिहिलं तर वाचक म्हणतो, बरं मग? पंखा पाचवर ठेवण्यात काय मोठंसं? पण त्याआधी घरी रात्री कोण उठून पंखा दोनवर करायचं आणि काय म्हणायचं, हे एका वाक्यात आलं तर तोच पंखा वेगळा दिसतो. तू लिहिलंस ‘इथे मला विचारणारं कोणी नाही’. आधी विचारायचं कोण? कोणत्या शब्दांत? ‘कुठे होतीस’ असं, की ‘आलीस का’ असं, की नुसतं घड्याळाकडे बघून? ते ऐकू आल्याशिवाय, आता कोणी विचारत नाही याला वजन येणार नाही. एका मोकळिकीला घरचा एक नियम, एवढं प्रमाण पुरे. घराबद्दल जास्त लिहिलंस तर लेख परभणीचा होईल.

कोणती मोकळीक लिहायची याचाही विचार कर. मोठ्या गोष्टी, म्हणजे घरी माहीत नसलेली माणसं, घरी माहीत नसलेल्या रात्री, या लेखात आल्या तर लेख त्यांचा होतो आणि खोली मागे पडते. ते सगळं लिहू नये असं मी म्हणत नाही. त्याचा वेगळा लेख कर, तुझी तयारी होईल तेव्हा. या लेखाला खोलीच्या आत मावणारी मोकळीक हवी, आणि ती आईला वाचून दाखवता येईल अशीच असते. एक सोडून.

ती एक म्हणजे दिवा. घाटकोपरला मेट्रोतून उतरून रेल्वेकडे जाणारा तो पूल मला माहीत आहे. संध्याकाळी सातला तिथे आपण चालत नाही, आपल्याला पुढे नेलं जातं. त्या गर्दीत तू एका हाताने पर्स छातीशी धरलीस, दुसऱ्या हातात फोन, आणि परभणीच्या देवघरासमोरून आई विचारते, दिवा लावलास का. तू म्हणतेस, हो. खालून गाडीची घोषणा होते. ‘पुढील स्थानक’ वगैरे नाही, फलाटावरची घोषणा, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, लागोपाठ. ती फोनमधून पलीकडे जात नाही असं तुला वाटतं का? मला वाटत नाही. सात महिने रोज सात वाजता तुझ्या देवघरात इतकी माणसं आणि इतका गोंगाट असतो, हे आईच्या लक्षात आलं नसेल असं होणार नाही. तरी ती रोज विचारते आणि तू रोज हो म्हणतेस. माझ्या मते तुझ्या सगळ्या सामग्रीत हा सगळ्यात मोठा ऐवज आहे. इथे रेंगाळ. फोन ठेवताना ती शेवटी काय म्हणते ते लिही. तू हाताने फोनचा माइक झाकतेस का ते लिही. खोलीवर आल्यावर दिवा लावतेस का, आणि लावलास तर तो आठ वाजता लावलेला दिवा कोणासाठी असतो, याचं उत्तर आत्ता नसेल तर प्रश्न विचारूनच सोडून दे. ‘मी आईशी खोटं बोलते’ असं लिहून स्वतःला गुन्हेगार मात्र ठरवू नकोस. त्याने हा सगळा प्रसंग एका कबुलीत आटोपेल आणि त्यातलं दोघींचं मिळून चाललेलं काहीतरी हरवेल.

म्हणूनच हा भाग छापायला देण्याआधी आईला वाचून दाखव. परवानगीसाठी नाही. ते वाक्य तिचं आहे म्हणून. ती कदाचित सांगेल की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तसं झालं तर ती लेखात आणखी दोन ओळींची भर आहे. ती कदाचित दुखावेल, आणि तसं झालं तर तो भाग या वर्षी ठेवायचा की नाही हे तू ठरव. दिवाळी अंक पुढच्या वर्षीही निघेल.

आकडे लेखात येऊ देत. ‘भाडं परवडत नव्हतं’ असं लिहू नकोस, १४,००० लिही, आणि शेजारी तुझा पगार लिहायची हिंमत होत असेल तर तोही. बाबांनी पतसंस्थेतून डिपॉझिट उचललं, त्याचा हप्ता आता कोण भरतं? तू भरत असशील तर दर महिन्याला तू एक खोली भाड्याने घेतेस आणि दुसरीकडे त्याच खोलीचं कर्जही फेडतेस. हे दोन वाक्यांत सांगून पुढे जा. पैशाचा उल्लेख लांबला की तो तक्रारीसारखा ऐकू येतो. थोडक्यात आला की ती अंधेरीची नोकरी आणि तो पूल कशासाठी आहे हे कळतं.

‘या चार भिंतींतच मला मी सापडले’ हे वाक्य काढून टाक. त्या जागी दुसरं शहाणपणाचं वाक्यही घालू नकोस. करार ११ महिन्यांचा आणि झालेत सात, म्हणजे चार उरलेत. तुझी गोष्ट अजून चालू आहे, तिचा अर्थ लावायची घाई कशाला? मालक करार पुढे वाढवणार का, भाडं किती वाढवून मागणार, एजंट पुन्हा ब्रोकरेज घेणार का, इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर काय, यांपैकी एखादी गोष्ट तुला आत्ताच सतावत असेल. कन्नमवार नगर म्हाडाची जुनी वसाहत आहे, तिथे हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. लेख तिथे संपू दे, जिथे तुला पुढचं माहीत नाही. एजंटचा मेसेज आला असेल तर तो जसाच्या तसा दे आणि थांब. वाचकाला निरोप द्यायची गरज नसते.

एक सावधगिरी, आणि ती मी लेखनाच्या बरोबरीची मानते. तू त्या खोलीत अजून राहतेस आणि एकटी राहतेस. लेखात वसाहतीचं नाव असू दे, पण इमारतीचा क्रमांक, मजला, कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव, रात्री किती वाजता परततेस, हे सगळं एकत्र येऊ देऊ नकोस. मजला बदल, शेजाऱ्यांची आडनावं बदल, करारावरची नावं पूर्ण गाळ. यांनी लेख खोटा होत नाही. घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि पैशाचे आकडे मात्र बदलू नकोस, कारण ते बदलले की मग काहीही बदलता येतं. पाण्याची वेळ खरी ठेव, परतण्याची वेळ मोघम ठेव. पुलाच्या प्रसंगात ‘सात’ येणारच, पण तो घाटकोपरचा सात आहे, तुझ्या दाराचा नाही. फोटो मागितला तर खिडकीतून बाहेरचं दृश्य पाठवू नकोस, समोरच्या इमारतीवरून जागा ओळखता येते. आतला ओटा, पिंप, नळ यांचा पाठव. आणि अंक पाठवायला, मानधनाला संपादकांना पत्ता लागेल. तो लेखाच्या पानावर लिहू नकोस, वेगळ्या कागदावर दे, आणि परभणीचा दे.